मूलनाल प्रक्षालक

दाताच्या मुळातील पोकळी, म्हणजे मूलनाल, धुऊन काढण्यासाठी आणि तिच्यातील मृत ऊतक व सूक्ष्मजंतू नष्ट करण्यासाठी वापरण्यात येणाऱ्या द्रवांना मूलनाल प्रक्षालक असे म्हणतात. लवणद्राव, हायड्रोजन पेरॉक्साइड, क्लोरहेक्सिडीन, ईडीटीए इ. अनेक द्रव या कामासाठी वापरले गेले आहेत. तथापि त्या सर्वांत सोडियम हायपोक्लोराइटाचा जलीय विद्राव हा प्रमुख मानला जातो. सूक्ष्मजंतूंचा नाश करणे आणि मृत ऊतक विरघळविणे ही दोन्ही कार्ये त्या एकट्यानेच होतात. मात्र मृत आणि जिवंत ऊतक यांत हा द्रव भेद करीत नाही. मूलनालाच्या आत उपकारक ठरणारा गुणधर्मच मुळाच्या टोकापलीकडे अपायकारक ठरतो. या द्रवाच्या वापरातील बहुतेक सर्व नियम या एका गोष्टीतून निघालेले आहेत.

प्रक्षालनाची आवश्यकता : दाताच्या मध्यभागी दंतमगज नावाचे मृदू ऊतक असते व त्यात रक्तवाहिन्या आणि तंत्रिका असतात. दाताला खोलवर कीड लागल्यास अथवा मार बसल्यास हे ऊतक मृत होते आणि त्यात सूक्ष्मजंतूंची वसाहत होते. मूलनाल चिकित्सेत हे ऊतक काढून टाकून, फाइल नावाच्या बारीक कानशींनी नाल घासून रुंद करतात आणि शेवटी तो भरून बंद करतात. केवळ कानशीने घासून नाल स्वच्छ झाला असता, तर द्रवाची फारशी गरज पडली नसती. परंतु मूलनाल ही सरळ, गोल नळी नसते. तिचा छेद पुष्कळदा लंबगोल वा फितीसारखा चपटा असतो. तिला बाजूला फाटे फुटतात, तर दोन नालांना जोडणाऱ्या अरुंद फटीही असतात. पीटर्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये क्ष-किरण सूक्ष्म-छेदचित्रणाच्या साहाय्याने वरच्या दाढांच्या नालांचे घासण्यापूर्वीचे व घासल्यानंतरचे आकार ताडून पाहिले. त्या वेळी कोणत्याही प्रकारची कानस वापरली, तरी नालाच्या पृष्ठभागाचा एक-तृतीयांशाहून अधिक भाग तिच्या स्पर्शावाचून राहतो, असे आढळले. हा न घासलेला भाग केवळ द्रवालाच गाठता येतो. म्हणून कानस द्रवासाठी वाट करून देते आणि प्रत्यक्ष स्वच्छता द्रव करतो, असे म्हणणे वस्तुस्थितीला धरून होईल.

इतिहास : अठराव्या शतकाच्या अखेरीस बेर्तॉले या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी क्लोरीनयुक्त विद्राव कापड विरंजनासाठी प्रचारात आणले. पुढे १८२० च्या सुमारास लाबाराक या फ्रेंच औषधविक्रेत्यांनी सोडियम हायपोक्लोराइटाचा उपयोग दुर्गंधिनाशक व जंतुनाशक म्हणून रूढ केला. पहिल्या महायुद्धात चिघळलेल्या जखमांचा प्रश्न गंभीर झाला, तेव्हा हेन्री डेकिन या ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञांनी १९१५ मध्ये सुमारे ०·५% तीव्रतेचा विद्राव तयार केला. फ्रान्समधील काँप्येन्य येथे शल्यचिकित्सक आलेक्सी कारेल यांच्या सहकार्याने त्याचा वापर करण्यात आला. जिवंत ऊतकाची हानी कमी व्हावी म्हणून डेकिन यांनी विद्रावाची तीव्रता मुद्दाम कमी ठेवली होती आणि त्याची अल्कधर्मिता बोरिक अम्लाने घटविली होती. दंतवैद्यकात मात्र १९३६ मध्ये वॉकर यांनी याहून बऱ्याच तीव्र विद्रावाची शिफारस केली. ग्रॉसमन व मीमन यांनी १९४१ मध्ये निरनिराळ्या रसायनांची दंतमगज विरघळविण्याची क्षमता तपासून हायपोक्लोराइटाच्या वापराला प्रायोगिक आधार दिला.

कार्य : पाण्यात सोडियम हायपोक्लोराइट पुढील समतोलात असते :

NaOCl + H₂O ⇌ NaOH + HOCl

समीकरणाच्या उजव्या बाजूच्या दोन पदार्थांत या विद्रावाचे सारे कार्य सामावलेले आहे. सोडियम हायड्रॉक्साइड हा प्रबळ क्षारक असून तो ऊतकातील मेदाचे साबणात रूपांतर करतो आणि प्रथिनांचे विघटन घडवून आणतो. हायपोक्लोरस अम्ल व हायपोक्लोराइट आयन यांतील क्लोरीन प्रथिनांच्या ॲमिनो गटांशी संयोग पावून क्लोरामाइने तयार करते. त्यामुळे सूक्ष्मजंतूंची एंझाइमे निकामी होतात व त्यांचे चयापचय थांबते. नालाच्या भिंतीवर सूक्ष्मजंतू सुटे नसतात. ते स्वतः स्रवलेल्या चिकट द्रव्यात रुतून जैवपटलाच्या रूपात राहतात. हे चिकट द्रव्यही हायपोक्लोराइटामुळे विघटित होते, व या बाबतीत इतर प्रचलित प्रक्षालके त्याच्या तोडीची नाहीत.

या विक्रियांत क्लोरीन खर्ची पडते, हे विद्यार्थ्याने विशेष ध्यानात ठेवावयास हवे. एका मूलनालात मावणारा द्रव एका थेंबापेक्षाही कमी असतो. मृत ऊतक, पू वा रक्त यांच्याशी गाठ पडताच त्यातील क्रियाशील क्लोरीन थोड्याच वेळात संपते आणि नालात नुसते खारट पाणी उरते. म्हणून नालात एकदा द्रव भरून दीर्घकाळ थांबण्यापेक्षा तो वारंवार बदलणे अधिक परिणामकारक ठरते. मंद तीव्रतेचा ताजा विद्राव पुनःपुन्हा घातल्यास तीव्र विद्रावाची उणीव बऱ्याच अंशी भरून निघते, त्याचेही कारण हेच होय.

तीव्रता व तापमान : व्यवहारात ०·५% पासून ६% पर्यंतच्या तीव्रता वापरात आहेत. तीव्रता वाढविल्यास ऊतक जलद विरघळते. त्याबरोबरच दंतिनातील, म्हणजे दाताचा मुख्य कठीण भाग असलेल्या पदार्थातील, कोलॅजन हे प्रथिनही अधिक प्रमाणात नष्ट होते व दंतिनाची लवचिकता घटते. तीव्र विद्राव टोकाबाहेर गेल्यास होणारी इजाही मोठी असते. रोहतक येथे झालेल्या व २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका यादृच्छिक चाचणीत खालच्या दाढांसाठी १% व ५% विद्राव वापरून तुलना करण्यात आली. मुळाच्या टोकाशी असलेला विकार बरा होण्याच्या प्रमाणात दोन्ही गटांत लक्षणीय फरक आढळला नाही. यावरून विद्राव कितीही सौम्य चालेल असे ठरत नाही. तो पुरेशा प्रमाणात व पुरेसा वेळ वापरल्यास तीव्रता ही एकमेव निर्णायक बाब राहत नाही, एवढे मात्र दिसून येते.

तापमान वाढविल्यानेही क्रिया जलद होते. सुमारे ४५° से. तापमानाचा १% विद्राव २०° से. तापमानाच्या ५·२५% विद्रावाइतकेच दंतमगज विरघळवू शकतो, असे प्रयोगांत दिसले आहे. परंतु बाहेर तापविलेला द्रव नालात शिरताच शरीराच्या तापमानाकडे झुकतो. त्यामुळे प्रयोगनळीतील हा लाभ प्रत्यक्षात काही अंशीच पदरात पडतो.

साठवण : हा विद्राव अस्थिर आहे. प्रकाश, उष्णता, हवा आणि धातूंचे अंश यांमुळे त्यातील क्लोरीन कमी होत जाते. म्हणून तो अपारदर्शक बाटलीत, घट्ट झाकण लावून, थंड जागी ठेवतात. बाटली वारंवार उघडणे टाळतात. तीव्र विद्राव पातळ करावयाचा असल्यास शुद्ध पाणी वापरून लागेल तेवढाच भाग ताजा तयार करतात. ५% विद्रावाचा एक भाग व पाण्याचा एक भाग मिसळल्यास २·५% विद्राव मिळतो. घरगुती विरंजक द्रवात सुगंधी व दाटपणा आणणारे पदार्थ असू शकतात आणि त्यातील क्लोरीनचे प्रमाण निश्चित नसते. त्यामुळे चिकित्सेसाठी प्रमाणित विद्रावच वापरावा लागतो.

इतर प्रक्षालके व परस्परविक्रिया : हायपोक्लोराइट सेंद्रिय पदार्थ विरघळविते, पण खनिज पदार्थावर त्याचा परिणाम होत नाही. कानशीने घासताना दंतिनाचा चुरा व सेंद्रिय अवशेष यांचा पातळ लेप भिंतीवर बसतो व दंतिनातील सूक्ष्म नलिकांची तोंडे त्यामुळे बुजतात. या लेपातील खनिज भाग काढण्यासाठी एथिलीन डायअमाइन टेट्राॲसिटिक अम्लाचा, म्हणजे ईडीटीएचा, १७% विद्राव सुमारे एक मिनिट वापरतात. ते कॅल्शियमाच्या आयनांना बांधून घेते. नीगोर-ऑस्बी यांनी १९५७ मध्ये ते मूलनाल चिकित्सेत आणले. ईडीटीए व हायपोक्लोराइट एकत्र मिसळू नयेत, कारण अशा मिश्रणातील मुक्त क्लोरीन झपाट्याने नाहीसे होते व हायपोक्लोराइटाची ऊतक विरघळविण्याची शक्ती जवळजवळ लोपते. दोन्ही द्रव एकामागून एक, मधे नाल कोरडा करून, वापरावे लागतात. ईडीटीएनंतर पुन्हा हायपोक्लोराइट वापरावयाचे झाल्यास ते थोडाच वेळ ठेवतात, कारण खनिज निघून गेल्यामुळे उघड्या पडलेल्या दंतिनाची त्यामुळे झीज होते.

क्लोरहेक्सिडिनाचा २% विद्राव जंतुनाशक असून दंतिनाला चिकटून राहिल्यामुळे त्याचा परिणाम काही काळ टिकतो. परंतु ऊतक विरघळविण्याचा गुण त्यात नाही. म्हणून ते हायपोक्लोराइटाची जागा घेऊ शकत नाही. दोहोंचा संयोग झाल्यास नारिंगी-तपकिरी साका तयार होतो. तो दाताला डाग पाडतो व दंतिनातील नलिकांची तोंडे बंद करतो. नालात असा रंग दिसल्यास मधले प्रक्षालन अपुरे झाले असे समजावे. सायट्रिक अम्लासारख्या अम्लाशी हायपोक्लोराइट मिसळल्यास क्लोरीन वायू बाहेर पडतो. हायड्रोजन पेरॉक्साइडाबरोबर ऑक्सिजनाचे बुडबुडे निघतात. हे दोन द्रव आळीपाळीने वापरण्याची पद्धत एके काळी प्रचारात होती. तथापि त्यात दोहोंचे सामर्थ्य परस्परांत खर्च होते आणि बंद नालातील वायूमुळे दाब निर्माण होऊ शकतो.

वापराची पद्धत : एका दाताचे उदाहरण घेतल्यास पद्धतीतील मोजमापांचे मर्म कळून येते. एका प्रौढ व्यक्तीच्या वरच्या जबड्यातील पार्श्व कृंतक, म्हणजे बाजूचा पटाशीचा दात, मृत झाला असून क्ष-किरण चित्रात मुळाच्या टोकाशी काळसर छाया दिसते, असे समजावे. विद्युत् मापक व क्ष-किरण चित्र यांवरून नालाची कार्यकारी लांबी २१ मिमी. ठरली. प्रथम दाताभोवती रबर डॅम हा रबराचा पातळ पडदा ताणून बसवितात, त्यामुळे द्रव तोंडात वा घशात जात नाही. रुग्णाच्या व चिकित्सकाच्या डोळ्यांना चष्मा आणि रुग्णाच्या कपड्यांवर आच्छादन असते. सिरिंजवर द्रवाचे नाव लिहिलेले असते, कारण भूल देण्याच्या औषधाची सिरिंज समजून हायपोक्लोराइट ऊतकात टोचले गेल्याच्या घटना नोंदल्या गेल्या आहेत.

सुई ३० गेजाची, टोक बंद व बाजूला छिद्र असलेली घेतात. ती सिरिंजला फिरकीने घट्ट बसते. तिचा बाह्य व्यास सुमारे ०·३ मिमी. असतो. कार्यकारी लांबीपेक्षा २ मिमी. अलीकडे, म्हणजे १९ मिमी.वर, सुईवर रबरी खूण लावतात. आता नाल २० क्रमांकाच्या कानशीपर्यंतच घासला असेल, तर टोकाशी त्याचा व्यास ०·२० मिमी. असतो आणि दर मिलिमीटरला तो ०·०२ मिमी.ने वाढतो. अशा नालाचा व्यास टोकापासून ५ मिमी. अंतरावर ०·३० मिमी. होतो. म्हणजे सुई १६ मिमी.वरच दोन्ही बाजूंनी अडकेल. तिच्या पुढे द्रव सहजी जाणार नाही, आणि जोर लावल्यास त्याला मागे यावयास वाट नसल्याने तो टोकातून बाहेर जाईल. नाल ४० क्रमांकापर्यंत व दर मिलिमीटरला ०·०४ मिमी. चढाने रुंद केल्यावर मात्र टोकापासून २ मिमी.वर त्याचा व्यास ०·४८ मिमी. होतो. सुईच्या प्रत्येक बाजूस सुमारे ०·०९ मिमी. मोकळी जागा राहते व द्रव भिंतीलगत वर परत येतो. म्हणून घासण्याच्या सुरुवातीच्या टप्प्यांत सुई वरच ठेवतात आणि नाल रुंदावत जाईल तसतशी ती खाली नेतात.

दट्ट्या अंगठ्याऐवजी तर्जनीने हळू दाबतात, कारण तर्जनीचा जोर कमी असतो. १ मिलि. द्रव जाण्यास सुमारे १५ सेकंद लागावेत. दाबताना सुई सतत थोडी वर-खाली हलवितात. ती अडकल्यासारखी वाटताच दाब थांबवून मागे घेतात. प्रत्येक कानशीनंतर सुमारे २ मिलि. विद्राव वापरतात. नालाच्या तोंडाशी परत येणारा द्रव शोषकनळीने ओढून घेतात. तो परत येताना दिसत नसेल, तर ती धोक्याची पहिली खूण होय. बाजूला छिद्र असलेल्या सुईतून निघालेला द्रव तिच्या टोकापुढे जेमतेम १ मिमी. पोचतो व त्यापलीकडे हवेचा बुडबुडा अडकून राहू शकतो. यासाठी अखेरीस नालात द्रव असताना श्राव्यातीत कंपनाची बारीक तार भिंतीला न लावता २०-२० सेकंद तीन वेळा फिरवितात व दर वेळी द्रव बदलतात.

अपघात व उपाय : मुळाच्या टोकापलीकडे हायपोक्लोराइट गेल्याने होणाऱ्या परिणामांचे वर्णन बेकर व सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये प्रसिद्ध केले आणि त्यानंतर अशा अनेक घटनांची नोंद झाली आहे. सुई अडकणे, दाब जास्त होणे, लांबी चुकीची मोजणे, कोवळ्या वयातील दाताचे टोक उघडे असणे, मूळ झिजलेले असणे अथवा घासताना मुळाला भोक पडणे ही त्याची कारणे होत. वरच्या जबड्यातील दातांच्या बाबतीत हे अपघात अधिक आढळतात.

वरील उदाहरणातील दातात नाल २० क्रमांकाएवढाच असताना सुई १६ मिमी.वर अडकली आणि दट्ट्या जोराने दाबला गेला, असे समजावे. भूल दिलेली असतानाही रुग्णास एकाएकी तीव्र, जळजळणारी वेदना होते. काही मिनिटांत ओठ व गाल सुजतात. नालातून भळभळ रक्त येऊ लागते. पुढील काही तासांत डोळ्याखाली व गालावर काळे-निळे डाग उमटतात, कारण द्रव सैल ऊतकांतून पसरून रक्तवाहिन्यांना इजा करतो. दाढेच्या बाबतीत द्रव वरच्या जबड्याच्या हाडातील पोकळीत गेल्यास वेदनेऐवजी नाकात वा घशात क्लोरीनची चव व जळजळ जाणवू शकते. संसर्गामुळे येणारी सूज सामान्यतः तासा-दिवसांनी वाढते, तर ही सूज प्रक्षालन चालू असतानाच येते. या फरकावरून निदान तत्काळ करता येते.

अशा वेळी प्रक्षालन लगेच थांबवून काय घडले ते रुग्णास स्पष्ट सांगतात. नालातून येणारे रक्त थांबविण्याची घाई करीत नाहीत, कारण त्याबरोबर द्रव बाहेर पडतो. नालातील उरलेला द्रव शोषून घेऊन तेथे लवणद्राव दाब न देता सोडतात. वेदनेसाठी दीर्घकाळ टिकणारी भूल व वेदनाशामके देतात. पहिल्या दिवशी बाहेरून थंड शेक व त्यानंतर कोमट शेक देतात. मृत झालेल्या ऊतकात संसर्ग होण्याचा संभव असल्यास प्रतिजैविके देतात. रुग्णाची रोज तपासणी करतात. सूज जिभेखाली वा गळ्याकडे पसरणे, गिळण्यास अथवा श्वास घेण्यास त्रास होणे, दृष्टीत फरक पडणे यांपैकी काहीही आढळल्यास त्याला विलंब न लावता रुग्णालयात हलवावे लागते. बहुतेक रुग्ण काही आठवड्यांत बरे होतात. तथापि काहींच्या चेहऱ्यावरील संवेदना वा स्नायूंची हालचाल दीर्घकाळ मंद राहते. डोळ्यात द्रव उडाल्यास डोळा स्वच्छ पाण्याने वा लवणद्रावाने निदान १५ मिनिटे सतत धुऊन नेत्रवैद्याकडे पाठवितात.

मर्यादा : हायपोक्लोराइटाने धुतलेल्या दंतिनावर राळयुक्त द्रव्ये लगेच नीट चिकटत नाहीत. विद्रावातून सुटणारा ऑक्सिजन राळेच्या घट्ट होण्यास अडथळा करतो, हे त्याचे कारण होय. दंतिनातील नलिकांत खोलवर असलेल्या सूक्ष्मजंतूंपर्यंत हा द्रव पूर्णपणे पोचत नाही. त्यामुळे कोणताही मूलनाल संपूर्ण निर्जंतुक झाला असे म्हणता येत नाही. सूक्ष्मजंतूंची संख्या शरीराच्या प्रतिकारशक्तीच्या आटोक्यात येईल इतकी कमी करणे व उरलेल्यांना नाल घट्ट भरून कोंडून टाकणे, एवढेच चिकित्सेचे साध्य असते. टोकापलीकडे एक थेंबही न सोडता ते गाठणे ही प्रक्षालनाची खरी कसोटी आहे.